तीन कॅमेऱ्यांचे पैसे घेतले, चित्रण एकाच कॅमेऱ्याचे दिले

गेल्या फेब्रुवारीत सातारा जिल्ह्यातील एका आठवडी बाजारात आम्ही पाणीटंचाईवरील आमच्या पथनाट्याचा प्रयोग केला आणि शाळांमध्ये दाखवता यावा म्हणून त्याचे चित्रीकरण करून घेतले. तीन कॅमेऱ्यांचे प्रत्येकी ९,००० प्रमाणे २७,०००, ध्वनीचे ३,००० आणि संकलनाचे १२,००० असे एकूण ४२,००० रुपये ठरले होते. निम्मी रक्कम आगाऊ दिली. हे पैसे गटातील अकरा जणांनी वर्गणी काढून जमवले होते, आणि ते माझ्या शब्दावर गेले.

तीन कॅमेऱ्यांचा आग्रह माझाच होता. पथनाट्य गोलात होते, प्रेक्षक चारही बाजूंना असतात आणि नट सतत फिरत बोलतो, त्यामुळे एका जागेवरून पाहणाऱ्याला निम्मा वेळ पाठच दिसते. प्रयोगाच्या दिवशी शाळेच्या पायरीवर एकच ट्रायपॉड होता. मी विचारले तेव्हा चित्रीकरण करणारे गृहस्थ म्हणाले, "बाकीचे दोघे गर्दीत हातात कॅमेरा घेऊन फिरताहेत." मी गळ्यात ढोलकी अडकवून गोलात उभा होतो, वादन सोडून गर्दीत कॅमेरे मोजत फिरणे मला शक्य नव्हते. तरीही दुसऱ्या कोणाला पाठवायला हवे होते.

पण मला खरा राग येतो तो पुढच्या क्षणाचा. तयार चित्रफीत त्यांनी मला मोबाईलवर दाखवली. रिकामी घागर घेतलेली आई मागच्या प्रेक्षकांकडे वळून आपले सर्वांत मोठे भाषण करते, त्या जागी पडद्यावर तिचा मोठा केलेला अंबाडा होता. चेहरा का नाही, असे मी विचारले. "पाठमोरी बाई जास्त परिणामकारक दिसते," असे उत्तर आले, आणि मी ते मानले! समोरच्या बाजूला दुसरा कॅमेरा असता तर तो चेहरा टिपल्यावाचून राहिलाच नसता, एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. त्याच संध्याकाळी उरलेले २१,००० रुपये मी दिले. शेवटचा हप्ता मोबाईलवर पाहून कधीही देऊ नका.

पुढे एका शाळेत प्रोजेक्टरवर चित्रफीत लावली, तेव्हा दूरची दृश्ये स्वच्छ दिसत होती आणि जवळचे चेहरे मात्र ओल्या कागदावरील शाईसारखे पसरले होते. त्यांनी एकच फोर-के चित्रण, म्हणजे ३८४० गुणिले २१६० बिंदूंची चौकट, १९२० गुणिले १०८०च्या टाइमलाइनवर टाकून हवा तेथे पंच-इन केला होता, म्हणजे चौकटीचा एक तुकडा मोठा करून पडदाभर दाखवला होता. दुपटीपर्यंत मोठे केले तर तपशील जात नाही. आमचे क्लोज-अप चौपट होते, म्हणजे मूळ चौकटीतील जेमतेम ९६० गुणिले ५४० बिंदू ताणून पूर्ण पडदा भरला होता.

पुरावा आमच्या गटातील एका मुलाने काढला. दूरच्या दृश्याची शेवटची फ्रेम आणि लगेच येणाऱ्या क्लोज-अपची पहिली फ्रेम यांत पंचवीसांश सेकंदाचेच अंतर असते. त्याने क्लोज-अप जितका मोठा केला होता तितकाच लहान करून दूरच्या फ्रेमवर ठेवला आणि संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये Difference हा पर्याय लावला; दोन चित्रे जेथे सारखी असतात तेथे तो काळे दाखवतो. हलत्या हाताची एक कड सोडली, तर सगळे काळे झाले. कॅमेरा खरोखर दुसऱ्या जागी असता, तर आईच्या खांद्यामागची भांडीवाल्याची पाटी बाजूला सरकली असती; आमच्याकडे ती प्रत्येक "कोनात" त्याच खांद्याला टेकलेली होती. साध्या डोळ्यांनी तपासायचे असेल, तर नट आणि त्याच्या मागची वस्तू यांचे नाते कट झाल्यावर बदलते का, एवढे पाहा.

पंच-इन करणे हा गुन्हा नाही. एकाच कॅमेऱ्याचे काम म्हणून सांगितले असते, दुपटीची मर्यादा पाळली असती आणि ९,००० घेतले असते, तर माझी काहीच तक्रार नव्हती. न आणलेल्या दोन कॅमेऱ्यांचे १८,००० घेतले, ही फसवणूक आहे.

पोलीस चौकीत मला दोन तास बसवून ठेवले आणि "चित्रफीत मिळाली ना? मग हा दिवाणी मामला," असे सांगितले. पुरावा दाखवण्यासाठी लॅपटॉप उघडला, तर साहेबांनी तो बंद करायला लावला. दुसऱ्यांदा गेलो, तेव्हा पहिल्या अर्जाची पोच कोणी का दिली नाही, हेच ठाऊक असलेला माणूस तेथे नव्हता. ग्राहकांच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. समोरच्याने "काम पूर्ण केले आहे" असे कळवताच ती बंद झाली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही हे खरे, परंतु तेथील खिडकीवर पहिला प्रश्न आला की हे चित्रीकरण व्यावसायिक होते का. वर्गणी काढून बाजारात फुकट नाटक करणाऱ्यांनी हे कोणत्या कागदाने सिद्ध करायचे?

करारात कॅमेऱ्यांची संख्या आणि प्रत्येकाची जागा लिहून घ्या. प्रत्येक कॅमेऱ्याचे मूळ फुटेज त्याच संध्याकाळी स्वतःच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. "कच्चे फुटेज देण्याची आमची पद्धत नाही," असे मला सांगण्यात आले होते. ते ऐकल्यावर आगाऊ रक्कमही देऊ नका. आयोगापुढील अर्जाला मी दोन्ही फ्रेमच्या छापील प्रती आणि ४२,००० रुपयांची पावती जोडली आहे. त्या पावतीवर "तीन कॅमेरे" असे त्यांच्याच अक्षरात लिहिलेले आहे.