इलेक्टिव्ह बदलायचा अर्ज: पहिल्या आठवड्यात, पाचव्या आठवड्यात की नकोच?

एम.ए. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या सत्राचं उदाहरण घेऊ. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत महाराष्ट्रात या सत्राला २२ क्रेडिट्स असतात. १४ अनिवार्य विषयांची, ४ ऑन-जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्टची आणि ४ इलेक्टिव्हची. विद्यार्थिनीने कृषी अर्थशास्त्र घेतलंय आणि आता तिला वित्तीय अर्थशास्त्र हवंय. अर्ज विभागप्रमुखांकडे करायचा हे तिला माहीत आहे. कधी करायचा, यावर सगळं अडतं.

थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास, म्हणजे चार क्रेडिट्सच्या विषयाला ६० तासिका. आठवड्याला चार धरल्या तर १५ आठवडे. हजेरीची अट ७५ टक्के असेल तर ४५ तासिकांना बसलंच पाहिजे. पहिला आठवडा संपताना बदल मिळाला तर नव्या विषयाच्या ५६ तासिका हाती राहतात आणि ११ बुडल्या तरी चालतं. तिसऱ्या आठवड्याअखेर ४८ उरतात. तापाने घरी बसून चार तासिका बुडल्या की अट मोडली. पाचव्या आठवड्याअखेर उरतात ४०. एकही तासिका चुकवली नाही तरी हजेरी ६७ टक्क्यांच्या पुढे जात नाही. त्यामुळे उशिरा अर्ज करणाऱ्याला फक्त विषय बदलून मागून भागत नाही. जुन्या विषयाची हजेरी धरावी, हेही त्याच अर्जात मागावं लागतं. नेमकं हेच वाक्य राहून जातं.

अंतर्गत गुणांचंही तसंच. पहिल्या आठवड्यात कुठल्याच विषयाची चाचणी झालेली नसते. पाचव्यापर्यंत एखादी झालेली असू शकते, आणि जुन्या विषयातले गुण नव्या विषयात वळवता येत नाहीत, कारण अभ्यासक्रमच वेगळा. मग नव्या विषयाच्या शिक्षकांनी वेगळी चाचणी घ्यायला तयार व्हायला हवं. त्यांना अर्जाआधी भेटा. त्यांची ‘हरकत नाही’ अशी सही अर्जावर असली, तर विभागप्रमुखांना विचारपूस करायला फारसं काही उरत नाही.

आता कारण. ‘विषय अवघड वाटतो’ किंवा ‘आवड नाही’ असं लिहिलं की नकाराला आयतं निमित्त मिळतं. तासिकांची वेळ दुसऱ्या अनिवार्य विषयाशी आदळते, तिसऱ्या सत्रातल्या संशोधन प्रकल्पाचा विषय बँकिंगचा ठरला आहे, अशी तपासून पाहता येणारी कारणं टिकतात. तरीही नकार येऊ शकतो: नव्या वर्गाची मर्यादा भरलेली असेल किंवा तुम्ही गेल्यावर जुन्या इलेक्टिव्हचा गट किमान संख्येच्या खाली येत असेल. यात तुमची चूक काहीच नसते, म्हणून दोन्हीकडची पटसंख्या आधीच विचारून घ्यावी.

अर्जाचा गाभा एवढा पुरतो:

> प्रति, मा. विभागप्रमुख, अर्थशास्त्र विभाग
>
> विषय: सत्र २ मधील इलेक्टिव्ह विषय बदलण्याबाबत
>
> महोदय, मी एम.ए. भाग १ ची विद्यार्थिनी असून सत्र २ साठी कृषी अर्थशास्त्र (विषय कोड …) निवडले आहे. माझ्या प्रकल्पाचा विषय सहकारी बँकांचा कर्जपुरवठा हा असल्याने त्याऐवजी वित्तीय अर्थशास्त्र (विषय कोड …) घेण्यास परवानगी मिळावी. दोन्ही विषय एकाच गटातील व प्रत्येकी ४ क्रेडिट्सचे आहेत. आजवरच्या १२ तासिकांपैकी ११ तासिकांची हजेरी नव्या विषयात ग्राह्य धरावी, ही विनंती.

खाली नाव, हजेरी क्रमांक, पीआरएन, तारीख, सही. दोन प्रती काढा आणि दुसरीवर आवक क्रमांकासह पोच घ्या.

परीक्षा फॉर्म भरून झाल्यावरचा अर्ज मात्र वेगळ्याच जातीचा. तेव्हा विभागप्रमुख फार तर शिफारस करतात. पुढची दुरुस्ती कॉलेजचा परीक्षा विभाग आणि विद्यापीठ यांच्या हातात जाते. हॉल तिकिटावर जुनाच कोड राहिला आणि तुम्ही नव्या विषयाचा पेपर दिलात, तर निकालात जुन्या विषयापुढे गैरहजेरी लागते आणि लिहिलेल्या पेपरचे गुण अडकतात.

आमचं मत विचाराल तर पहिल्या दोन आठवड्यांत बिनधास्त अर्ज करा. तिसऱ्यात हजेरीचा हिशेब मांडून करा. पाचव्यानंतर तासिकाच आदळत असतील तरच करा, नुसत्या आवडीसाठी नको. तिसऱ्या आणि चौथ्या सत्रातही ४-४ क्रेडिट्सचं इलेक्टिव्ह असतं, आणि शिक्षकांना विचारून वित्तीय अर्थशास्त्राच्या तासांना नुसतं बसताही येतं. त्याचे क्रेडिट्स मिळणार नाहीत, एवढंच.

अर्ज दिला तरी लेखी मंजुरी हातात पडेपर्यंत जुन्या विषयाचे तास सोडू नका. तोंडी ‘बघू’वर विसंबून आठवडा काढला आणि नकार आला, तर जुन्या विषयाच्या हजेरीपटावर चार खाडे दिसतात.