पेटी कॅशमधल्या त्रुटी: इंटरिमनंतर लगेच पत्र की फायनलच्या पत्रात एक परिच्छेद?

इंदूरच्या एका मराठी शिक्षणसंस्थेत जानेवारीत इंटरिम ऑडिट झालं आणि पेटी कॅशच्या डब्यातून बरंच काही बाहेर आलं. ते कार्यकारिणीला कसं कळवायचं यावर ऑडिट टीममध्ये दोन मतं पडली. एक मत असं, की अध्यक्षांच्या नावे आत्ताच स्वतंत्र पत्र द्यावं. दुसरं असं, की सचिवांच्या कानावर घालावं, आणि मार्च संपल्यावर फायनलच्या मॅनेजमेंट लेटरमध्ये एक परिच्छेद टाकावा. दुसऱ्या मताला सचिवांचाही पाठिंबा होता. ‘अहो, पंचवीस हजारांच्या डब्यासाठी कार्यकारिणीला पत्र?’ हा त्यांचा प्रश्न अगदीच गैर नव्हता, म्हणून आधी डबा पाहू.

संस्थेत २५,००० रुपयांची इम्प्रेस्ट होती. म्हणजे कधीही मोजलं तरी हातातली रोकड आणि भरपाई न मिळालेली व्हाउचरं मिळून २५,०००च भरायला हवेत. न सांगता, लेखापालांच्या समोर मोजणी केली. फीच्या काउंटरचा गल्लाही त्याच वेळी मोजला, नाहीतर इकडचे पैसे तिकडे ठेवून दोन्ही बरोबर दाखवता येतात. पेटी कॅशमध्ये रोकड निघाली ६,३४० रुपये, व्हाउचरं ११,२६० रुपयांची आणि कर्मचाऱ्यांनी उचल घेतल्याच्या कच्च्या चिठ्ठ्या ५,५०० रुपयांच्या. चिठ्ठ्या धरूनही बेरीज २३,१०० झाली, म्हणजे तूट १,९०० रुपये.

एवढ्यावर थांबलं असतं तर सचिवांचं म्हणणं मान्य करता आलं असतं. पण फाटकावरच्या वहीत डिसेंबरमध्ये १८० किलो रद्दी बाहेर गेल्याची नोंद होती. भाव किलोला १५ रुपये, म्हणजे २,७०० रुपये. ते डब्यात टाकल्याचं लेखापालांनीच सांगितलं, पण जमेला नोंद कुठेच नाही. मग डब्यात २५,००० नव्हे, २७,७०० असायला हवे होते आणि खरी तूट ४,६०० रुपयांची ठरते. बाहेरून आलेली जमा इम्प्रेस्टमध्ये मिसळली की तुटीचा आकडाच विश्वासाचा राहत नाही. रद्दी आणि झेरॉक्सचे पैसे थेट बँकेत जायला हवेत ते यासाठी.

मागची व्हाउचरं चाळताना आणखी दोन गोष्टी सापडल्या. सियागंजातल्या दुकानाचं १,४८० रुपयांचं एकच बिल ऑक्टोबरमध्ये मूळ प्रत लावून आणि नोव्हेंबरमध्ये झेरॉक्स लावून, असं दोनदा भरपाईत आलं होतं. पैसे दिल्यावर बिलावर ‘पेड’ शिक्का मारण्याची पद्धतच नव्हती. शिवाय एका प्लंबरला एकाच तारखेला प्रत्येकी ९,३०० रुपयांची दोन व्हाउचरं होती. यामागचा हिशेब उघड आहे: १०,०००च्या आत राहायचं. पण आयकरात ही मर्यादा एका व्यक्तीला एका दिवसात रोखीनं दिलेल्या एकूण रकमेला लागते, व्हाउचरच्या संख्येला नाही. धर्मादाय संस्थेच्या बाबतीत असे १८,६०० रुपये उत्पन्नाच्या विनियोगात धरले जात नाहीत.

या सगळ्याचं मूळ एकच. डबा सांभाळणं, रोजकीर्द लिहिणं आणि भरपाईचा तक्ता करणं ही तिन्ही कामं एकाच लेखापालाकडे होती आणि चेकवर सही करणाऱ्या सचिवांसमोर फक्त तक्त्याची बेरीज जात होती, व्हाउचरं नाही.

आता तुलना. रकमेच्या बाजूनं पाहिलं तर थांबण्याचं मत जड दिसतं. संस्थेच्या वर्षाच्या खर्चापुढे ४,६०० रुपये म्हणजे काहीच नाही, ताळेबंद त्यानं बदलत नाही. पण लेखापरीक्षणाचं मानक एसए २६५ प्रत्यक्ष किती चुकलं एवढंच विचारत नाही, या त्रुटीमुळे किती चुकू शकतं हेही पाहायला सांगतं. आणि इथे तीच व्यक्ती फीच्या पावत्याही फाडते. त्रुटी महत्त्वाची ठरली, की संस्थेचा कारभार ज्यांच्या हाती आहे त्यांना ती वेळेत आणि लेखी कळवावी लागते. सचिवांच्या कानावर घालणं त्याला पर्याय नाही, कारण बिनव्हाउचरची सही त्यांचीच आहे.

वेळेच्या बाबतीत फरक सरळ आहे. जानेवारीत पत्र गेलं तर फेब्रुवारीपासून पद्धत बदलू शकते आणि फायनलला दोन महिन्यांचं काम तपासता येतं. मात्र पत्रानं आधीचे दहा महिने सुधारत नाहीत. तेवढ्या काळाची व्हाउचरं जास्त प्रमाणात तपासावीच लागतात, आणि वाढलेल्या कामाची कल्पना कार्यकारिणीला आधी दिलेली बरी. थांबलो तर जूनमध्ये कळवायचं आणि नव्या वर्षाचे तीन महिने जुन्याच पद्धतीत गेलेले. शिवाय ३१ मार्चची मोजणी सगळ्यांना ठाऊक असते, त्या दिवशी डबा बहुधा तंतोतंत भरतो.

मजकुरात तर फारच अंतर पडतं. फायनलच्या पत्रातला परिच्छेद बहुतेक वेळा असा उतरतो: ‘किरकोळ रोकडीवरील अंतर्गत नियंत्रण अधिक सक्षम करावे.’ यावर उत्तर येतं ‘नोंद घेतली’, आणि पुढच्या वर्षी तेच वाक्य पुन्हा. स्वतंत्र पत्रात मोजणीचा तक्ता देता येतो आणि त्याखाली अमुक करा असं नेमकं सांगता येतं: भरपाईच्या चेकसोबत मूळ व्हाउचरं सचिवांसमोर जावीत, सहीबरोबर त्यांवर शिक्का पडावा, कच्ची चिठ्ठी तीन दिवसांत मिटावी, आणि महिन्यातून एकदा कोषाध्यक्षांनी न सांगता डबा मोजून वहीत सही करावी. लहान कार्यालयात कामं वाटायला माणसं नसतात, तिथे ही शेवटची मोजणीच खरा आधार. प्रत्येक मुद्द्यापुढे व्यवस्थापनाचं उत्तर, जबाबदार व्यक्ती आणि तारीख यांची जागा ठेवावी.

स्वतंत्र पत्राची जोखीमही आहे. एक सैल शब्द आणि लेखापालावर चोरीचा आरोप झाल्यासारखं होतं. म्हणून ‘अपहार’ लिहू नये, ‘मोजणीच्या वेळी ४,६०० रुपयांचा खुलासा मिळाला नाही’ एवढंच लिहावं. मोजणीच्या कागदावर ‘सर्व रोकड मोजून परत मिळाली’ अशी लेखापालांची सही त्याच वेळी घेतलेली असावी. मसुदा आधी सचिवांना दाखवावा, पण तो आकडे पडताळण्यासाठी, वाटाघाटीसाठी नव्हे. आणि ही तपासणी हिशेबपत्रकांवर मत देण्यासाठी होती, सगळ्या नियंत्रणांची हमी देण्यासाठी नाही, हे वाक्य पत्रात हवंच.

एखाद्या व्हाउचरवर सही राहिली असती किंवा वही दोन दिवस मागे असती, तर मीही तोंडी सांगून वर्किंग पेपरमध्ये नोंद केली असती. इथे मात्र डबा, वही आणि फीचा गल्ला एकाच हातात आहेत, तेव्हा माझं मत आत्ताच्या पत्राला. प्लंबरचे १८,६०० रुपये तेवढे वेगळे काढून ठेवावेत. कार्यकारिणीनं पत्रावर काहीही ठरवलं तरी विवरणपत्र भरताना त्यांचा हिशेब करावाच लागेल.