बॅटरी बदलायची की अल्टरनेटर उघडायचा? मल्टिमीटरवरचे तीन आकडे

चावी फिरवली की सेल्फ कण्हतो आणि डॅशबोर्डचे दिवे मंदावतात. बॅटरी संपलेली असली तरी हेच होतं आणि अल्टरनेटर, म्हणजे गॅरेजच्या भाषेतला डायनॅमो, चार्ज करत नसला तरी हेच होतं. धक्का मारून किंवा जंप देऊन गाडी चालू झाली म्हणजे दोष बॅटरीचाच, असं नाही. नवी बॅटरी टाकून चार दिवसांनी गाडी पुन्हा बंद पडते ती याच गैरसमजापायी.

दोन साध्या पेट्रोल हॅचबॅक घेऊ. दोन्हींत ३५ अँपिअर-अवरची बॅटरी, तक्रार एकच. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून घेतलेले आकडे असे:

| कधी मोजलं | पहिली गाडी | दुसरी गाडी |
|---|---|---|
| रात्रभर उभी, सगळं बंद | १२.५६ | ११.९८ |
| सेल्फ मारताना | ८.२ | ९.१ |
| इंजिन चालू, हेडलाइट लावून | १४.२ | ११.९ |

पहिला आकडा पाहून बहुतेक जण दुसऱ्या गाडीची बॅटरी गेली म्हणतील. खरं तर बदलायची आहे ती पहिलीची.

उभ्या गाडीचा आकडा फक्त बॅटरीत चार्ज किती आहे ते सांगतो. साध्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीत १२.६ च्या वर म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी, ११.९ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. ती रिकामी का झाली, हे त्यावरून कळत नाही. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर आकडा फसवा येतो, कारण प्लेटांच्या पृष्ठभागावरचा ताजा चार्ज तो काही काळ उगाच वर धरून ठेवतो. म्हणून सकाळी, पहिल्यांदा चावी लावण्यापूर्वी मोजावं. तेवढा वेळ नसेल तर हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करावेत आणि पाच मिनिटं थांबून मोजावं. उभ्या गाडीच्या आकड्यावरून बॅटरीला थेट दोषी ठरवावं असा प्रसंग जवळपास एकच: भरपूर चार्ज करूनही आकडा १०.५ च्या आसपास अडकून राहिला तर सहापैकी एक सेल गेला. प्रत्येक सेल २.१ व्होल्टचा, त्यामुळे हिशेब सरळ आहे.

बॅटरीची खरी परीक्षा सेल्फ घेतो. छोट्या पेट्रोल इंजिनचा सेल्फ शंभर-दीडशे अँपिअर ओढतो, डिझेलचा त्याहून बराच जास्त. त्या क्षणी अल्टरनेटरची काहीच मदत नसते, सगळा भार एकट्या बॅटरीवर. भरलेली, धडधाकट बॅटरी अशा वेळी दहाच्या वर टिकते. २० अंशांच्या आसपासच्या हवेत ९.६ च्या खाली गेली तर ती संशयित. पहिल्या गाडीत नेमकं हेच दिसतं. भरलेली असूनही ती ८.२ वर कोसळते, म्हणजे प्लेटांवर सल्फेट जमून किंवा त्यांचं मटेरियल झडून आतला रोध वाढला आहे. व्होल्टेज आहे, जोर नाही.

हा आकडा घेताना दोन गोष्टींत चूक होते. एक म्हणजे प्रोब कुठे लावला. तो केबलच्या क्लॅम्पवर नाही, बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर टेकवावा. मग सेल्फ चालू असतानाच एक प्रोब खुंटावर आणि दुसरा त्याच बाजूच्या क्लॅम्पवर ठेवून पाहावं. तिथे ०.२ व्होल्टहून जास्त दिसलं तर बॅटरी निर्दोष असण्याची शक्यता मोठी. खुंटावरची पांढरी-हिरवी बुरशी घासून क्लॅम्प घट्ट केला की काम होतं. दुसरी अडचण वेळेची. इंजिन सेकंदात पेटलं तर साध्या मीटरला खालचा आकडा पकडताच येत नाही. मीटरवर MIN/MAX बटण असेल तर ते वापरावं. नाहीतर फ्युएल पंपाचा फ्यूज काढून पाच सेकंदच सेल्फ मारावा. एकाने चावी फिरवायची, दुसऱ्याने मीटर बघायचा. अगदी सुरुवातीचा क्षणिक झटका खोल असतो, तो सोडून पुढे स्थिरावलेला आकडा धरायचा.

सेल्फ मंद फिरतोय, पण खुंटावर मात्र साडेअकरा व्होल्ट टिकून आहेत, असंही होतं. तेव्हा बॅटरी सोडा. केबल, अर्थिंग किंवा सेल्फ तपासा.

आता दुसरी गाडी. ९.१ वाचून बॅटरी मोडीत काढायचा मोह होतो, पण रिकामी बॅटरी सेल्फखाली कोसळणारच. तिला आधी बाहेरच्या चार्जरवर साडेतीन अँपिअरने रात्रभर चार्ज करावं, काही तास तशीच ठेवावी, मग पुन्हा मोजावं. या गाडीत चार्जिंगनंतर उभा आकडा १२.६४ आणि सेल्फ मारताना १०.४ आला. बॅटरी उत्तम आहे, तिला भरणारं कुणी नाही एवढंच.

ते शाबीत करतो तिसरा आकडा. इंजिन चालू असताना खुंटांवर १३.८ ते १४.५ हवेत, हेडलाइट, ब्लोअर लावून, अ‍ॅक्सिलरेटर थोडा दाबला तरी साडेतेराच्या खाली जाऊ नये. दुसऱ्या गाडीत ११.९ आहेत आणि मिनिटागणिक घटतात, म्हणजे सगळी गाडी बॅटरीवर चालली आहे. लगेच पूर्ण अल्टरनेटर विकत घेऊ नका. आधी बेल्ट सैल आहे का, मागचा कनेक्टर निघालाय का, बॅटरीकडे जाणारा मोठा फ्यूज उडालाय का ते पाहा. ते ठीक असेल तर ऑटो-इलेक्ट्रिशियन बऱ्याचदा कार्बन ब्रश किंवा रेग्युलेटर बदलून तोच चालू करून देतो.

इथेही दोन सापळे आहेत. पार उतरलेली बॅटरी जंप दिल्यावर पहिली काही मिनिटं व्होल्टेज तेराच्या आसपास दाबून ठेवते, सेल गेलेली बॅटरी तर कायमच दाबते. त्यामुळे अल्टरनेटरवर ठपका ठेवण्याआधी चार्ज केलेली चांगली बॅटरी लावून मोजावं. आणि नव्या गाड्यांत बॅटरी भरली की संगणकच चार्जिंग कमी करतो, तेव्हा १२.८ दिसलं तरी घाबरू नये. हेडलाइट लावल्यावर आकडा चढला तर सगळं ठीक.

चालू इंजिनवर बॅटरीची तार काढून ‘डायनॅमो टेस्ट’ करणारे अजून भेटतात. त्यांना तसं करू देऊ नका. बॅटरीचा आधार सुटताच अल्टरनेटरचं व्होल्टेज उसळतं आणि त्यात डायोड किंवा ईसीयू जातो.

सेल्फखाली दहाच्या वर, चालू इंजिनवर चौदा, तरीही बॅटरी दर दोन दिवसांनी उतरते, असं असेल तर बॅटरीही नको आणि अल्टरनेटरही; बंद गाडीत कुठेतरी करंट गळतोय. पन्नास मिलिअँपिअरपर्यंतची गळती बहुतेक गाड्यांत चालते. तीच अर्धा अँपिअर झाली, म्हणजे डिकीचा दिवा किंवा बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टिमचा अ‍ॅम्प्लिफायर चालू राहिला, तर ३५ अँपिअर-अवरची भरलेली बॅटरी दीड दिवसात निम्मी होते.

पहिल्या गाडीत नवी बॅटरी बसवल्यावर तिसरा आकडा पुन्हा घ्या. १५ च्या वर दिसला तर रेग्युलेटर जास्त चार्ज करतोय, पाणी उकळून जुनी बॅटरी त्यानेच मारली असणार आणि नवीचीही तीच गत होईल.