पावतीवर ४८,५०० अन् पासबुकात ३८,५००

आपल्या इकडच्या बऱ्याच शाखांत बाकावर एक माणूस पेन घेऊन बसलेला दिसते. बँकेचा नसते पण साऱ्यांना ओळखते, स्लिप भरून देते, दहा-वीस रुपये घेते, अन् लाइन मोठी असली की म्हणते "द्या इकडं, कॅशिअर आपल्या वळखीचा हाय". अशाच एकाने आमच्या मोठेबाबाचे दहा हजार उडवले. कसे उडवले ते नीट सांगतो, कारण गावात ज्याला सांगितलं तो आधी हेच म्हणाला की शिक्का मारलेली पावती असल्यावर पैसे जातातच कसे.

शेवटच्या वेच्याचा कापूस खेडा खरेदीवाल्या व्यापाऱ्याने नगदी नेला. रक्कम झाली ४८,५००. मोठ्या मायने रात्री नोटा लावल्या अन् कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवलं : पाचशेच्या ९२, दोनशेच्या ८, शंभराच्या ९. म्हणजे ४६,००० अधिक १,६०० अधिक ९००. हिशोब बरोबर. पैसे बचत खात्यात टाकायचे अन् मार्च संपायच्या आत पीक कर्ज भरायचं, म्हणजे व्याजाची सवलत भेटते, एवढाच बेत.

बँकेत जत्रा होती. त्या माणसाने मोठेबाबाची सही कोऱ्या स्लिपवर घेतली, नोटांचं बंडल घेतलं अन् गर्दीत घुसला. थोड्या वेळानं शिक्का मारलेली अर्धी पावती हातात दिली, तिच्यावर ४८,५००. मोठेबाबा खुश. पासबुक छापायचं मशीन बंद होतं अन् मेसेज जुन्या नंबरवर जात होता, तो नंबर कधीचाच बंद. कर्ज भरायला गेले तेव्हा शिल्लक कमी निघाली, मग पासबुक छापून आणलं अन् ते घेऊन माझ्याकडं आले. "हे पाय ना बावा, काऊन कमी दाखवते?" जमाच्या खान्यात तारीख तीच, रक्कम ३८,५००.

आता इथं बँकेवर ओरडायच्या आधी फरक किती आहे ते पाहा, फरकच बरंच काही सांगते. आकडे उलटे-पालटे टाइप झाले, समजा ४८,५०० चे ४५,८०० झाले, तर फरकाला ९ ने पूर्ण भाग जाते, ही बँकवाल्यांची जुनी युक्ती आहे. खाते नंबर चुकला तर रक्कम कमी दिसत नाही, सारीच्या सारी गायब असते. नोट मोजण्यात चुकली तर एखाद-दोन नोटांचा फरक पडते. आमचा फरक होता १०,०००. त्याला ९ ने भाग जात नाही, पण पाचशेच्या बरोबर २० नोटा होतात. मला तिथंच खटकलं.

मग मॅनेजरकडं गेलो अन् त्या दिवशीची बँकेकडची अर्धी स्लिप दाखवा म्हटलं. आधी आढेवेढे घेतले, पण खातेदार स्वतः समोर बसला होता तर दाखवली. तिच्यावर नोटांच्या खान्यात पाचशेच्या ७२, दोनशेच्या ८, शंभराच्या ९, एकूण ३८,५००, अक्षरी सुद्धा अडतीस हजार पाचशे. खाली मोठेबाबाची सही. म्हणजे बँकेच्या हिशोबानं सारं चोख! दोनशेच्या अन् शंभराच्या नोटा कॅलेंडरवर होत्या तेवढ्याच, फक्त ९२ च्या ७२ झाल्या.

आमच्याकडची पावती शेजारी ठेवली. तिच्यावर नोटांचे खाने कोरेच, नुसती रक्कम लिहिलेली. अन् नीट उजेडात धरली तर ४८,५०० मधला आठ शिक्क्याच्या जांभळ्या रेघेवरून गेलेला, निळी शाई शिक्क्याच्या वर. म्हणजे शिक्का आधी पडला अन् रक्कम नंतर लिहिली गेली. गर्दीत कॅशिअरनं आपल्याकडच्या अर्ध्या स्लिपवरून नोटा मोजल्या, त्या जुळल्या, अन् दोन्ही तुकड्यांवर शिक्का ठोकला, पावतीवर रक्कम आहे की नाही हे पाहिलंच नाही. माझ्या मते हा कॅशिअरचाही ढिसाळपणाच आहे, पण मॅनेजर काही ते कबूल करत नव्हता.

मॅनेजरनं एक गोष्ट मात्र कामाची सांगितली. कॅशिअरकडूनच चूक झाली असती तर त्या दिवशी संध्याकाळी कॅश जुळवताना दहा हजार जास्त निघाले असते अन् त्याची नोंद झाली असती. त्या दिवशी कॅश बरोबर जुळली होती. म्हणजे २० नोटा काउंटरपर्यंत पोचल्याच नाहीत.

त्या माणसाला गाठलं तर काय म्हणावं त्यानं? "तुमच्या वीस नोटा नकली निघाल्या, कॅशिअरनं ठेवून घेतल्या, तुमाले पोलिसाचा तरास नको म्हणून मी बोल्लो नाई." मोठेबाबा तर घाबरूनच गेले, व्यापाऱ्यानं दिल्या असतील म्हणे. पण नकली नोट सापडली तर बँकेला त्या नोटेवर तसा शिक्का मारावा लागते, ती जप्त करावी लागते अन् पैसे भरणाऱ्याला तिची पोचपावती द्यावी लागते. अन् एका व्यवहारात पाच किंवा जास्त नकली नोटा निघाल्या तर पोलिसात एफआयआर करावाच लागते, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. वीस नोटा नकली अन् पावती नाही, एफआयआर नाही? हे विचारल्यावर गडी गप्प.

आता तुमच्यासाठी. स्लिप दुसऱ्यानं भरली तरी चालते, पण नोटांचे खाने दोन्ही तुकड्यांवर भरायला लावा, अन् पावतीवर रक्कम लिहिल्याबिगर सही करू नका. पैसे स्वतः काउंटरवर द्या. मोजायच्या मशीनवर नोटांचा आकडा दिसते, पाचशेच्या टाकल्यावर ९२ दिसल्या का एवढं पाहा. घरून निघताना नोटांचा आकडा कागदावर असू द्या, नुसती एकूण रक्कम नको, कारण आम्हाला २० नोटा कुठल्या गेल्या हे कॅलेंडरमुळंच धरता आलं. पासबुक त्याच दिवशी छापा, मशीन बंद असलं तर काउंटरवर शिल्लक विचारा, अन् आधीची शिल्लक अधिक जमा बरोबर नवी शिल्लक होते का ते बोटानं लावून पाहा. अन् पासबुकात कोणी पेनानं एंट्री लिहून देत असेल तर ती मानूच नका.

फरक निघालाच तर तोंडी बोलत बसू नका. आम्ही लेखी अर्ज दिला, दुसऱ्या प्रतीवर शिक्का अन् तारीख घेतली, अन् अर्जातच लिहिलं की त्या दिवशीचं काउंटरचं कॅमेरा फुटेज जपून ठेवा, कारण ते कायमचं राहत नाही. बँकेनं ३० दिवसांत उत्तर नाही दिलं किंवा उडवून लावलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं फुकट तक्रार करता येते, cms.rbi.org.in वर, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

आमचं असं झालं की अर्ज गेल्यावर त्या माणसाच्या भावानं सहा हजार आणून दिले अन् बाकीचे चार सोयाबीन निघाल्यावर देतो म्हणून लिहून दिलं, दोन साक्षीदारांच्या सह्यांसकट. मोठेबाबा म्हणते आता पोलिसात नको जाऊ. मी तक्रार लिहून ठेवली आहे, चार हजार आले नाही तर ठाण्यात देणार. बँकेचं लेखी उत्तर आलं ते एका ओळीचं, "सदर व्यक्ती आमची कर्मचारी नाही". मग ती वर्षानुवर्षे तुमच्या बाकावर बसून स्लिपा कशी भरत होती, हे विचारणारा दुसरा अर्ज काल टाकला.