‘धुमाकूल घाल’ की ‘शर्ट मंजूर’?

सोलापुरात तरुणांसाठी कपड्यांचा ब्रँड सुरू करणाऱ्या माझ्या एका मित्रासमोर सध्या दोन टॅगलाइन उरल्या आहेत. तिसरी, ‘फिट्टंफाट’, आम्ही लगेच बाद केली, कारण कपडे विकणाऱ्याच्या तोंडी ‘फाट’ हा शब्द शोभत नाही.

‘धुमाकूल घाल’ची खरी ताकद ‘कूल’पेक्षा ‘घाल’मध्ये आहे. धुमाकूळही घालतात आणि कपडेही घालतात, त्यामुळे एकच क्रियापद दोन्ही अर्थ सहज पेलते आणि ही ओळ शर्टापासून जीन्सपर्यंत कशालाही चालते. अडचण उच्चाराची आहे. मराठीप्रमाणेच कन्नड आणि तेलुगूतही ‘ळ’ असल्याने या तीन भाषांत वावरणाऱ्या सोलापूरकरांचा कान ‘ळ’ आणि ‘ल’ यांतला फरक चटकन टिपतो. गड्डा यात्रेत होम मैदानावरच्या भोंग्यातून ‘धुमाकूल’ ऐकू आले, तर निवेदकाला ‘ळ’ म्हणता येत नाही, असेच लोकांना वाटेल. छापील फलकावर ‘कूल’ वेगळ्या रंगात दिले की हा दोष उरत नाही.

‘शर्ट मंजूर’ मात्र कानालाही कळते. इंग्रजीतला ‘टी’ आपल्याला ‘ट’ असा ऐकू येतो, आणि ‘शर्त मंजूर’ हा शब्दप्रयोग तोंडात बसलेला असल्याने एका अक्षराचा बदल लगेच लक्षात येतो. पण ही कोटी फार नाजूक आहे. शर्त स्त्रीलिंगी आणि शर्ट पुल्लिंगी असल्यामुळे ‘माझी शर्ट’ चुकते, तर ‘माझा शर्ट’ म्हटल्यावर शर्तच नाहीशी होते. ‘एका शर्तीवर’चे ‘एका शर्टवर’ केले, तरी विभक्ती कोटी मोडते. ‘मंजूर’ला लिंग लागत नाही, म्हणून ही ओळ तरली आहे आणि म्हणूनच तिच्यात एकही शब्द वाढवू नये. ‘बिनशर्त’चे ‘बिनशर्ट’ करण्याचा मोह तर टाळावाच, कारण त्याचा अर्थ उघडाबंब असा होतो. शिवाय व्यापारचिन्ह कायदा, १९९९ च्या कलम ९ नुसार केवळ मालाचे वर्णन करणाऱ्या शब्दांच्या नोंदणीला हरकत निघू शकते, आणि इथे तर मालाचे नावच टॅगलाइनमध्ये आहे.

कॉलरच्या आतले विणलेले लेबलही विचारात घ्यावे लागेल. अक्षरे बारीक झाली, तर ‘शर्ट’चा रफार शिरोरेषेत मिसळून ‘शट’ उरते; ‘धुमाकूल’चे दोन उकार लेबलाच्या खालच्या शिवणीत दबतात. म्हणून मागणी देण्यापूर्वी प्रत्यक्ष मापाचा एक नमुना विणून घ्यावा आणि शिवून झाल्यावर हातभर अंतरावरून वाचून पाहावा.

मित्राला पुढच्या वर्षी जीन्स आणि जॅकेटही आणायची आहेत आणि त्याची जाहिरात मुख्यतः मोबाइलच्या पडद्यावर दिसणार आहे. त्यामुळे माझे मत ‘धुमाकूल घाल’ला आहे, तो केवळ शर्टच विकणार असता आणि रिक्षावरून जाहिरात करणार असता, तर मी ‘शर्ट मंजूर’ म्हटले असते.