डोळ्यांच्या थेरपीचे पैसे वसूल, दोऱ्याचे नाही (कन्व्हर्जन्स इनसफिशियन्सी, काही महिन्यांनंतरचा अनुभव)

परवा तपासणीला गेलो तर क्लिनिकने 'मेंटेनन्स पॅकेज'चा कागद पुढे सरकवला, वर म्हणे यात डोळ्यांच्या व्यायामाचा नवीन दोरा फ्री आहे काका, आणि तिथेच माझं डोकं सटकलं, म्हणून हे लिहितोय. ज्यांच्या पोरांना कन्व्हर्जन्स इनसफिशियन्सी, म्हणजे जवळचं बघताना दोन्ही डोळे मिळून आत वळवायची ताकद कमी पडणं, निघालीय आणि थेरपीचं कोटेशन बघून पोटात गोळा आलाय त्यांच्यासाठी आहे हे. दोऱ्याबद्दल जरा जास्तच बोलणार आहे, सहन करा.

पोरगी आठवीत. तक्रार अशी की पंधरा-वीस मिनिटं वाचलं की अक्षरं धूसर होतात, कपाळ जड होतं, ओळ चुकते म्हणून पट्टी ठेवून वाचायची. दोन ठिकाणी डोळे तपासले, दोन्हीकडे सहा बाय सहा, नंबर नाही, मोबाइल कमी करा आणि हे ड्रॉप्स घाला. आजीचं तर ठरलेलंच होतं, अभ्यास नको असला की पोरांचे डोळे दुखतात. मला खटकली ती वेगळीच गोष्ट, ही बया वाचताना हळूच डावा डोळा तळहाताने झाकायची. विचारलं तर म्हणे असं केलं की बरं वाटतं. दूरचा तक्ता वाचायला लावून ही भानगड सापडतच नाही, कारण तिथे एकेक डोळा वेगळा तपासतात आणि एकेक डोळा तिचा उत्तमच आहे, गडबड आहे ती दोघांच्या जोडीत.

तिसऱ्या ठिकाणच्या ऑप्टोमेट्रिस्ट मॅडमनी पट्टीवर एक बारीक अक्षर सरकवत नाकाजवळ आणलं आणि दोन कधी दिसतात ते सांग म्हणाल्या. पहिल्यांदा ११ सेंटिमीटरवर दोन झालं, लगेच परत केलं तर १३, परत केलं तर १५. साधारण ५ सेंटिमीटरपर्यंत एकच दिसायला हवं. हे लांब लांब जात राहणंच महत्त्वाचं, एकदाच मोजलं तर पोरं जोर लावून पास होतात. मग डोळे आळीपाळीने झाकून बघितलं, दूर बघताना डोळा बाहेर सरकतो २ प्रिझम, जवळ बघताना १०, प्रिझम हे ते सरकणं मोजायचं माप. जवळचा आकडा दूरच्यापेक्षा निदान ४ ने जास्त असला तर या आजाराकडे बोट जातं. तिसरं म्हणजे डोळे आत ओढून धरायची ताकद. डोळ्यापुढे प्रिझमची काच धरून आकडा वाढवत गेले तर १० वरच अक्षर धूसर झालं. ठोकताळा असा की जितका डोळा बाहेर सरकतो त्याच्या दुप्पट शिल्लक पाहिजे, म्हणजे हिला २० हवी होती आणि होती निम्मी. शेवटी १५ प्रश्नांचा एक फॉर्म भरून घेतला, प्रत्येकाला ० ते ४ मार्क. ९ ते १७ वयाला १६ किंवा वर गेलं की तक्रार खरी धरतात. हिचे ३१.

नंबर नाही तर मग धूसर का, हे मला पटत नव्हतं. मॅडमनी सांगितलं ते असं की डोळे आत वळवणं आणि जवळचं फोकस करणं ही दोन कामं मेंदूत एकमेकांना बांधलेली आहेत. आत वळवायची ताकद कमी पडली की पोर फोकसचा जोर वाढवते, त्याच्याबरोबर डोळे थोडे जास्त आत येतात, अक्षर एक राहतं पण फोकस गरजेपेक्षा पुढे गेल्यामुळे पुसट होतं. जोर सोडला तर स्पष्ट होतं पण दोन होतं. पोरगी दिवसभर या दोघांच्या मध्ये लटकलेली. एक डोळा झाकला की प्रश्नच मिटतो, म्हणून तो तळहात.

आता पैसे. सेशन ७०० रुपये, आठवड्याला एक, तासाभराचा, शिवाय घरी रोज १५ मिनिटं आठवड्यातून पाच दिवस. मी म्हटलं आधी फुकटवालं करून बघू. पेन्सिल नाकाजवळ आणायचा व्यायाम सगळ्यांना माहीत आहे, तोच रोज करून घेतला. तिचा आवाज एकदम कॉन्फिडंट, हो बाबा एकच दिसतेय, नाकाला टेकेपर्यंत एकच! मी खूश. महिन्याने परत मोजलं तर जवळपास तिथेच.

झालं काय होतं ते मॅडमनी दोन मिनिटांत दाखवलं. पेन्सिलकडे बघताना मागच्या खिडकीचा गज दोन दिसायला पाहिजे, दोन्ही डोळे चालू असले तर ते होतंच. हिला गज एकच दिसत होता. म्हणजे पेन्सिल जवळ आली की मेंदू एका डोळ्याचं चित्र सरळ बंद करत होता आणि पोरगी एका डोळ्याने बघून 'एकच' म्हणत होती, खोटं नव्हती बोलत. घरी पेन्सिल करून घेणाऱ्यांनी एवढं एक नक्की विचारा, मागची वस्तू दोन दिसतेय का. नाही म्हणाली तर तो व्यायाम नुसता हात हलवणं आहे.

म्हणून सेशन सुरू केले आणि आला दोरा. त्याचं नाव ब्रॉक स्ट्रिंग, पांढरी नाडी आणि त्यात लाल पिवळा हिरवा असे तीन मणी. किंमत ६५० रुपये, किट घेणं कंपल्सरी. मी दहीपुलावरून मणी आणि नाडी आणून चाळीस रुपयांत घरी बनवला, मॅडमना दाखवला, त्या म्हणाल्या चालेल काका, मणी ठेवाल तिथे थांबला पाहिजे बस. थांबत होता. तरी बिलात ६५० लागलेच, रिसेप्शनवाल्या मुलीने सिस्टिममध्ये काढता येत नाही सांगितलं. सेशनला ७०० घ्या पण नाडीला ६५० नका घेऊ हो.

दोरा भारी आहे पण, ते मान्य. एक टोक खिडकीला, दुसरं नाकाच्या शेंड्यावर. मण्याकडे बघितलं की दोरे दोन दिसतात आणि मण्यावर एकमेकांना छेदतात, फुली होते. फुली मण्याच्या पलीकडे झाली तर डोळे लांब बघतायत, हिची कायम पलीकडेच. एक दोरा गायब झाला तर एक डोळा बंद पडलाय. पोरगी स्वतःच ओरडायची, बाबा उजवा गेला! पेन्सिलमध्ये हे कळायची सोयच नव्हती. डोळे मिचकाव, दोरा हलव, तो परत आला की पुढे.

आधी मला वाटायचं की ७०० रुपये यंत्रांचे आहेत. दोन-तीन सेशन बाजूला बसून बघितल्यावर मत बदललं, पैसे समोर बसून बघणारीचे आहेत. पोलराइड चष्मा घालून दोन पारदर्शक चित्रं बघायची, त्यात दोरखंडाचं एक कडं असतं, चित्रं एकमेकांपासून सरकवत नेली की डोळ्यांना आत वळावं लागतं. डोळे खरंच आत वळले तर ते कडं लहान झाल्यासारखं आणि जवळ आल्यासारखं दिसतं. मॅडम हे आधी सांगायच्याच नाहीत, नुसतं विचारायच्या, काय बदललं. लहान झालं म्हणाली की पुढचा आकडा. नुसतं एकच दिसतंय म्हणाली की मागे. अशी चोरी पकडणं मला घरी जमलं नसतं, मी वाहवा करून मोकळा झालो असतो.

नंतरच्या टप्प्यात हळूहळू ओढणं बंद आणि उड्या सुरू, जवळ-लांब-जवळ झटक्यात, कारण वर्गात फळा ते वही असंच असतं. सोबत प्लस २ मायनस २ ची उलटसुलट करायची काचेची फ्लिपर, अक्षर स्पष्ट झालं की उलटवायची. हे फोकससाठी. याचा तिला सगळ्यात कंटाळा, आणि घरचा भाग म्हणजे रोजचं भांडण. मधे एका आठवड्यात घरचं काहीच केलं नाही, तर पुढच्या सेशनला मॅडमना न सांगताच कळलं.

अमेरिकेत सीआयटीटी नावाची ट्रायल झाली, निकाल २००८ मध्ये छापून आला. ९ ते १७ वयाची २२१ मुलं, १२ आठवडे, चार गट. क्लिनिकची थेरपी अधिक घरचा व्यायाम यात ७३ टक्के मुलं बरी झाली किंवा सुधारली. घरी नुसती पेन्सिल ४३, घरी कम्प्युटर प्रोग्राम अधिक पेन्सिल ३३, आणि क्लिनिकमध्ये मुद्दाम निरुपयोगी ठेवलेले व्यायाम दिले त्या गटात ३५. हे आधी वाचलं असतं तर पेन्सिलचा महिना वाचला असता असं बायको म्हणते, मी म्हणतो ४३ टक्के फुकटात वाईट नाहीत.

बारा आठवड्यांच्या कोर्सनंतर हिचे आकडे: दोन दिसायचं अंतर ५ सेंटिमीटर, तीनदा मोजलं तरी तेवढंच. ताकद १० वरून २८. फॉर्मचे मार्क ३१ वरून १३. डोळा बाहेर सरकणं मात्र १० चं ९, म्हणजे जवळपास होतं तसंच, आणि मी लगेच वाद घालायला उभा राहिलो की मग फरक काय पडला. तर तो सरकायचा स्वभाव जातच नाही म्हणे, त्याला आवरायची ताकद वाढते, ९ ला १८ पाहिजे आणि आहे २८. पटलं. पट्टी गेली, तळहात गेला, एका बैठकीत तासभर वाचते.

मार्कांचं विचाराल तर, रिसेप्शनवर बोर्ड आहे 'वाचनाची समज आणि एकाग्रता वाढवा'. हे मला मान्य नाही. त्याच सीआयटीटीवाल्यांनी पुढे ३११ मुलांवर १६ आठवड्यांची दुसरी ट्रायल केली, २०१९ मध्ये आली, मुद्दाम हेच बघायला. वाचून समजण्याच्या परीक्षेत खऱ्या थेरपीवाले खोट्या थेरपीवाल्यांच्या पुढे गेले नाहीत. डोळ्यांची मोजमापं खऱ्या थेरपीत खूप जास्त सुधारली, पण तक्रारींचा फॉर्म दोन्ही गटांत सारखाच खाली आला. म्हणजे आमचे कमी झालेले १८ मार्क किती व्यायामाचे आणि किती दर आठवड्याला कोणीतरी तासभर नीट लक्ष दिल्याचे हे फॉर्मवरून सांगता येणार नाही. म्हणून शेवटच्या दिवशी फॉर्म नाही, सेंटिमीटर आणि प्रिझम लिहून मागा. आमच्या हिला विज्ञानात अजून तेवढेच पडतात.

प्रिझमचा चष्माही एका ऑप्टिशियनने सुचवला होता. वाचायच्या प्रिझम चष्म्याची मुलांवर वेगळी चाचणी झालीय, तो साध्या चष्म्यापेक्षा सरस ठरला नाही, तेव्हा ते पैसे वाचवले. आणि दोन दिसणं अचानक सुरू झालं असेल किंवा डोक्याला मार लागल्यानंतर, तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, व्यायाम नंतर.

आता त्या मेंटेनन्स पॅकेजचं. परवा मोजलं, ५.५ सेंटिमीटर आणि २६. पहिल्या ट्रायलमधल्या बऱ्या झालेल्या मुलांपैकी बहुतेक वर्षभराने तपासली तेव्हाही ठीक होती, मग दहा सेशन कशासाठी? मॅडमना सरळ विचारलं तर त्यांनी आठवड्यातून एक-दोनदा पाच मिनिटं दोरा आणि सहा महिन्यांनी तपासणी एवढंच सांगितलं, पॅकेज रिसेप्शनचं होतं, त्यांचं नाही. तपासणीचे ३०० भरून आलो. मॅडमना पाच स्टार, बिलिंगला एक, आणि खिडकीला सध्या माझाच चाळीस रुपयांचा दोरा बांधलाय, त्यांच्या ६५० वाल्याचा पिवळा मणी सैल झालाय.