पासबुकात व्याज पडले, पण पाच महिन्यांचा पीएफ पडलाच नव्हता

रबाळे एमआयडीसीतील एका कारखान्यात मी स्टोअरचे काम पाहत होते. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २०,००० रुपये, आणि पगारपत्रकावर दर महिन्याला पीएफची कपात २,४०० रुपये. ही कपात एकही महिना चुकली नाही. चुकला तो भरणा. कारखान्याने माझ्या पगारातून कापलेले १९,२०० रुपये भविष्यनिधीत जमाच केले नाहीत आणि ही गोष्ट मला नोकरी सोडताना कळली. ठाणे-बेलापूर पट्ट्यात अशा आस्थापनांत काम करणाऱ्यांनी आपले पासबुक उघडून पुढील मजकुराशी ताडून पाहावे, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

पूर्ण पगारावर भरणा होत असता, तर माझ्या पासबुकातील प्रत्येक ओळीत तीन आकडे दिसायला हवे होते. माझा हिस्सा २,४०० रुपये. मालकाच्या तेवढ्याच रकमेतून १,२५० रुपये पेन्शनच्या रकान्यात आणि उरलेले १,१५० रुपये मालकाच्या हिश्श्याच्या रकान्यात. पेन्शनची रक्कम १५,००० रुपयांच्या मर्यादेवर ८.३३ टक्क्यांनी काढली जाते, म्हणून मालकाचा हिस्सा आपल्यापेक्षा कमी दिसतो. तेवढ्यावरून कोणी घाबरू नये.

गोंधळ होतो तो महिन्यांचा. ऑगस्ट २०२३ च्या पगारावरील वर्गणी सप्टेंबरच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते, म्हणून तिच्यापुढे `Cont. For Due-Month 092023` असे लिहिलेले असते. ते वाचून सप्टेंबरचे पैसे आले असे कोणालाही वाटेल. मलाही तसेच वाटले. प्रत्यक्षात माझ्या खात्यातली अखंड मालिका तिथेच संपत होती. तिच्या खालची ओळ थेट `032024` ची, म्हणजे फेब्रुवारी २०२४ च्या पगाराची होती. सप्टेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या पाच पगारांचा भरणाच नव्हता. आर्थिक वर्षाच्या पानावर मार्चच्या पगारापासून पुढच्या फेब्रुवारीच्या पगारापर्यंत बारा ओळी हव्यात. माझ्या पानावर सात होत्या.

मी विचारले नाही असे नाही. डिसेंबरमध्येच लेखा विभागातील गृहस्थांना विचारले होते. "मॅडम, पासबुक एक महिना मागेच चालतं, आणि यंदा पोर्टलही स्लो आहे. व्याज पडलं की सगळं एकदम दिसेल," असे त्यांनी मला सांगितले. यातले पहिले वाक्य खरे होते आणि पोर्टलच्या अडचणी सगळ्यांनाच ठाऊक आहेत. व्याजाच्या नोंदी उशिरा होतात हेही मी पूर्वी अनुभवले होते. खोटे बोलणारा माणूस असे अर्धे खरे मिसळून बोलतो तेव्हा पगारावर जगणाऱ्या माणसाने आणखी काय करायचे असते?

मात्र तो क्षण आठवला की आजही संताप होतो. २०२३-२४ चे व्याज पासबुकात आले, माझ्या हिश्श्यावर १०,७४२ रुपये, आणि तो भरघोस आकडा पाहून मी निश्चिंत झाले. तो आकडाच मला सगळे सांगत होता. वर्षाच्या सुरुवातीला माझ्या हिश्श्याची शिल्लक १,२०,००० रुपये होती. ८.२५ टक्क्यांनी नुसत्या त्या शिलकीवरच ९,९०० रुपये होतात. नवी वर्गणी जमा झाली की पुढील महिन्यापासून तिच्यावर व्याज सुरू होते; २,४०० रुपयांवर महिन्याला साडेसोळा रुपये. बाराही ओळी वेळेवर आल्या असत्या तर एप्रिलमध्ये जमा झालेल्या पहिल्या ओळीला अकरा महिन्यांचे, दुसरीला दहा महिन्यांचे, असे करत एकूण ६६ महिन्यांचे, म्हणजे १,०८९ रुपये व्याज मिळाले असते आणि बेरीज १०,९८९ रुपये झाली असती. पाच ओळी गायब असूनही फरक पडला तो जेमतेम २४७ रुपयांचा. बारा हजार रुपयांची चोरी एवढ्याशा फरकामागे लपली, कारण व्याज हे मुख्यतः जुन्या शिलकीवर येते. व्याज निधी देतो, मालक नाही. त्यामुळे व्याजाची नोंद हा मालकाने भरणा केल्याचा पुरावा कधीच मानू नका. ओळी मोजा.

यानंतरची लबाडी अधिक हुशारीची होती. फेब्रुवारी २०२४ पासून ओळी पुन्हा नियमित आल्या, पण `EPF Wages` च्या रकान्यात २०,००० ऐवजी १५,००० रुपये होते. माझा हिस्सा १,८००, मालकाचा ५५०, पेन्शन तीच १,२५०. पगारपत्रकावर कपात मात्र २,४०० रुपयेच. दरमहा माझे ६०० रुपये, जानेवारी २०२५ मध्ये मी नोकरी सोडेपर्यंतच्या बारा पगारांत ७,२०० रुपये. मालकाने स्वतःचा हिस्सा मर्यादेपुरताच भरला, हा वादाचा मुद्दा होऊ शकतो, कारण मर्यादेवरच्या पगारावर भरण्याची त्याच्यावर सरसकट सक्ती नाही. पण माझ्या पगारातून कापलेला पैसा जमा न करण्याला कोणताही वाद नाही. पगारपत्रक आणि पासबुक शेजारी ठेवल्याशिवाय हे दिसत नाही.

ज्यांच्याकडे दाद मागायची त्यांच्याविषयी काय सांगावे! पीएफ कार्यालयाच्या epfigms.gov.in या संकेतस्थळावर तक्रार केली, तर "आस्थापनेला सूचना देण्यात आली आहे" एवढे लिहून ती बंद करण्यात आली. सूचना देणे म्हणजे पैसे वसूल होणे, असे या कार्यालयाला वाटते काय? प्रत्यक्ष गेले तेव्हा लेखा शाखेने अंमलबजावणी शाखेकडे पाठवले, आणि तिथे "मालकाकडून पत्र आणा" असे सांगितले. चोराकडून चोरीचा दाखला आणायचा! पोलीस ठाण्यात तर अर्जही घेतला नाही. हे पीएफचे प्रकरण आहे, तिकडेच जा, एवढेच उत्तर मिळाले. पगारातून कापलेली वर्गणी न भरणे हा कायद्याने विश्वासघाताचा गुन्हा मानला जातो. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ४०५ च्या स्पष्टीकरणात ते होते, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये आहे. नियम माझ्यासारखीला तोंडपाठ करावे लागतात, कारण खुर्चीत बसलेल्यांना ते आठवत नाहीत.

खरा पुरावा मला पोर्टलवरील आस्थापना-शोधात मिळाला. तिथे कारखान्याचे नाव टाकल्यावर प्रत्येक पगार-महिन्याचा भरणा, त्याची तारीख आणि किती कर्मचाऱ्यांसाठी भरणा झाला हे दिसते. ऑगस्टला ६२ कर्मचारी होते, सप्टेंबरपासून ३१. म्हणजे पोर्टल स्लो नव्हते. निम्म्या माणसांना चलनातूनच वगळले होते. त्या पाच महिन्यांची आमची पेन्शनची सेवाही त्याबरोबर गेली.

तक्रार लिहिताना "माझा पीएफ भरला नाही" असे मोघम लिहू नका. पगार-महिन्यांची नावे, प्रत्येक महिन्याची कपात आणि जमा अशी दोन्ही रक्कम लिहा, आणि भविष्यनिधी कायद्याच्या कलम ७ए खाली चौकशीची लेखी मागणी करा. उशिरा भरलेल्या रकमेवर कलम ७क्यू प्रमाणे मालकाला वार्षिक १२ टक्के व्याज द्यावे लागते. माझी दुसरी तक्रार अशीच केली आहे. या वेळी ती अद्याप बंद झालेली नाही. आणि नोकरी सोडण्याआधी सगळी पगारपत्रके स्वतःच्या ईमेलवर घ्या. राजीनामा दिल्यानंतर आमच्या कारखान्याने ती मागणाऱ्या एकालाही दिली नाहीत.